वाक्यांचा फोटो उडाला आणि वहीत फक्त उत्तरे उरली, तर काय करावे

तलाठी, पोलीस भरती किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. सरांनी फळ्यावर वीस वाक्ये लिहिली, बारा 'चूक ओळखा'ची, आठ रिकाम्या जागांची. आपण फोटो काढला, वहीत फक्त उत्तरे उतरवली आणि नंतर मोबाईल साफ करताना फोटोही गेला. वहीत '७) भाग ३ – बांधले', '९) मुलांनी', '१५) झाली' एवढेच दिसते.

गुगल फोटोजचा ट्रॅश आधी बघा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. तिथे नसेल तर वर्गातल्या कुणाकडून मागा. तिथेही नाही म्हणाले की शोधाशोध थांबवा आणि कागद-पेन घ्या. मोबाईलवर टाइप करू नका. कीबोर्ड तुमचे चुकीचे शब्द स्वतःहून बरोबर करून देतो आणि आपल्याला नेमके ते चुकीचे शब्दच हवे आहेत.

वाक्ये आठवून लिहा, असा सल्ला सगळे देतात. मीही दोन वर्षे तेच करत होतो आणि तो सल्ला साफ चुकीचा आहे. आपल्या डोक्यात वाक्याचा अर्थ राहतो, नेमके शब्द राहत नाहीत. 'चूक ओळखा'च्या वाक्यात तर अर्थाला काही किंमतच नसते, सगळा खेळ एका प्रत्ययाचा किंवा एका अनुस्वाराचा असतो. त्यामुळे वाक्य आठवते ते दुरुस्त होऊनच. मग त्यात चूक सापडत नाही, म्हणून आपण अंदाजाने एक चूक घुसवतो आणि तिथेच घात होतो.

माझा झालेला घात सांगतो. वरचे सातवे वाक्य मला असे आठवत होते: 'गुराख्याने गाई गोठ्यात बांधल्या.' वहीत उत्तर 'बांधले'. मी मान डोलावली आणि 'गुराख्याने गाई गोठ्यात बांधले' हे शुद्ध वाक्य म्हणून पाठ केले. पुढे सराव परीक्षेत तसाच प्रश्न आला आणि माझा गुण गेला. मी वर सरांशीच वाद घातला की तुमच्या उत्तरात असेच होते.

उत्तर बरोबरच होते, वाक्य मी बिघडवले होते. म्हणून आता मी उलट्या दिशेने जातो: उत्तर हातात धरायचे आणि ते बरोबर ठरायला वाक्यात काय असावेच लागेल, हे विचारायचे. 'बांधले' हे नपुंसकलिंगी एकवचन आहे. गाई स्त्रीलिंगी, अनेकवचनी. कर्त्याला 'ने' आहे आणि कर्माला प्रत्यय नाही, अशा वेळी कर्मणी प्रयोग होतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते: गाई बांधल्या. क्रियापद कर्माचे ऐकत नसेल, तर कर्मालाही प्रत्यय लागलेला असणार. म्हणजे मूळ वाक्यात 'गाईंना' होते. कर्ता आणि कर्म दोघांनाही प्रत्यय लागला की भावे प्रयोग होतो आणि क्रियापद 'बांधले' असेच राहते. तर फळ्यावरचे वाक्य असे असणार: 'गुराख्याने / गाईंना गोठ्यात / बांधल्या / चूक नाही'. चूक भाग ३ मध्ये, वहीतल्या नोंदीशी जुळते. 'गाई' आणि 'गाईंना' यांत अर्थाचा काडीचा फरक नाही, म्हणूनच तो 'ना' डोक्यातून गळला होता.

भागाचा क्रमांक वहीत असेल तर त्याला सोन्यासारखे जपा. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, म्हणून शेवटच्या भागात चूक म्हटली की आधी लिंग-वचनाचा मेळ तपासावा. पहिल्या भागात चूक असेल तर कर्त्याचे सामान्यरूप बघावे. नवव्या वाक्याचे उत्तर 'मुलांनी' आहे. मूळ चूक 'मुलानी' असणार, कारण अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय लावताना अनुस्वार द्यावा लागतो. पण 'मुलानी मैदानात झाडे लावली' एवढेच लिहिले तर कुणी 'मुलाने' अशीही दुरुस्ती करील आणि तीही बरोबर ठरेल. एका चुकीला दोन उत्तरे निघत असतील तर वाक्यातून काहीतरी गळले आहे असे समजा. इथे 'सगळ्या मुलानी' असे काहीतरी असणार. ते 'सगळ्या'च होते की 'शाळेतल्या पाच', याने फरक पडत नाही. अनेकवचन पक्के करणारा शब्द हवा.

ताकीद एकच देतो: मित्राकडून वाक्ये व्हॉइस नोटवर मागवू नका. 'मुलानी' आणि 'मुलांनी' बोलताना बहुतेकांच्या तोंडून सारखेच निघते. 'गरीबाला' आणि 'गरिबाला' यांतला फरकही कानाला कळत नाही. त्याने हाताने लिहून त्या कागदाचा फोटो पाठवावा. ग्रुपवर विचारलेत तर पाचही जण एकमताने दुरुस्त झालेले वाक्य सांगतील, कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच राहिलेले असते.

'चूक नाही' असे उत्तर असलेली वाक्ये सोडून द्या. ती परत मिळत नाहीत आणि मिळवून फारसा उपयोगही नाही.

रिकाम्या जागा सोप्या. उत्तर 'तरी' असेल तर आधी 'जरी' होते, 'तर' असेल तर बहुधा 'जर'. जरा थांबायचे ते क्रियापदांपाशी. पंधराव्याचे उत्तर 'झाली' आहे आणि मला एवढेच आठवते की वाक्यात 'वेळ' होता. आता 'बराच वेळ' असेल तर 'झाला' येते, कारण कालावधी या अर्थी वेळ पुल्लिंगी चालतो. ठरलेल्या घटकेला मात्र आपण 'ती वेळ' म्हणतो. उत्तर स्त्रीलिंगी, म्हणजे वाक्य 'गाडी सुटायची वेळ ___' अशा धर्तीचे होते. पर्यायांत 'झाला'ही असणारच, नाहीतर प्रश्नात दम काय राहिला? शब्दार्थावरच्या रिकाम्या जागांचे चुकीचे पर्याय मात्र आठवत बसू नका.

सगळे लिहून झाले की उत्तरे झाकून कागद अशा कुणाला द्या, ज्याने ती वाक्ये पाहिलेली नाहीत. मी हे काम धाकट्या बहिणीला देतो. तिला एका वाक्यात दोन चुका सापडल्या तर एक माझी आहे. एकही सापडली नाही तर मी वाक्य दुरुस्त करून ठेवले आहे. तिचे उत्तर आणि वहीतले उत्तर जुळले तरच वाक्य वहीत जाते, तेही पेन्सिलने आणि पुढे 'जुळवलेले' असे लिहून. गेल्या खेपेला बारांपैकी आठ जुळली. उरलेल्या चारांपैकी दोन 'चूक नाही'ची होती, आणि दोनांपुढे नुसता 'भाग २' लिहिला होता, दुरुस्त शब्द नव्हता. ती मी खोडून टाकली.