धनादेश आणि पावतीचा अरबी अनुवाद : अक्षरी आणि अंकी रकमेच्या या चुका टाळा

छायाचित्रावरून धनादेश किंवा पावती अरबीत आणताना सर्वांत घातक सवय म्हणजे अंकी रक्कम वाचायची आणि अक्षरी रक्कम तिच्यावरूनच रचून टाकायची. लिहिणाऱ्याने रक्कम दोनदा लिहिलेली असते, ती एकीवरून दुसरी पडताळता यावी म्हणून. अक्षरी ओळ न वाचणारा अनुवादक ही पडताळणीच काढून टाकतो, आणि वेळ वाचवला असे समजतो.

एका नवोदिताचे काम परत आल्यावर तपासणीसाठी माझ्याकडे आले होते. कुवेती दिनारांची इंग्रजी पावती होती. दिनारच्या चौकटीत १,२५० आणि शेजारच्या फिल्सच्या चौकटीत ५०० लिहिलेले होते. मात्र शेवटच्या शून्यावर शिक्का पडल्यामुळे छायाचित्रात ५० एवढेच दिसत होते. अनुवादात अंकी रक्कम १,२५०.५० आणि अक्षरी रक्कम ‘एक हजार दोनशे पन्नास दिनार, पन्नास फिल्स’ अशी आली. कुवेती दिनाराचे १,००० फिल्स होतात, त्यामुळे .५० म्हणजे ५०० फिल्स, आणि ५० फिल्स म्हणजे .०५०. एकाच पानावर दोन वेगळ्या रकमा उभ्या राहिल्या आणि लेखा विभागाने कागद परत पाठवला. मूळ पावतीवर हाताने लिहिलेली ‘पाचशे फिल्स’ ही अक्षरे स्वच्छ वाचता येत होती, हे मला सर्वांत खटकले. मूळ पावतीवरच्या रकमेचे योग्य रूप असे आहे :

```
١٬٢٥٠٫٥٠٠ د.ك
فقط ألف ومائتان وخمسون ديناراً كويتياً وخمسمائة فلس لا غير
```

म्हणून मी अक्षरी ओळ आधी वाचतो आणि तिचा अनुवाद अंकांकडे न पाहता करतो. अंक त्यानंतर, स्वतंत्रपणे उतरवतो. शेवटी माझ्याच अरबी अक्षरी ओळीवरून रक्कम पुन्हा अंकांत मांडतो आणि ती छायाचित्राशी ताडून पाहतो. घाई असली तरी ही उलट तपासणी मी सोडत नाही, कारण चूक बहुधा तिथेच सापडते.

त्याआधी चलनाचे उपएकक निश्चित करावे. कुवेत, बहारीन आणि जॉर्डनचा दिनार, तसेच ओमानचा रियाल, यांचे हजार भाग होतात. सौदी रियालचे १०० हलाला होतात. ‘फिल्स’ हे नाव अमिरातीतही आहे, पण तिथे एका दिरहमचे १०० फिल्स होतात. हजार भागांच्या चलनात दशांश चिन्हानंतरचे तिन्ही अंक लिहावेत, शेवटचे शून्य गाळू नये. याच चलनांत आणखी एक सापळा आहे. दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम देऊन ‘१२५०,५००’ असे लिहिलेले आढळते, आणि ते वाचणाऱ्याला साडेबारा लाखांच्या पुढची रक्कम वाटते. अशा वेळी निर्णय अक्षरी ओळीवरूनच करावा.

अरबी अंकांत देवनागरी वाचणाऱ्या डोळ्यांची हमखास फसगत होते, कारण तिथला पाच (`٥`) आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य (`٠`) हा केवळ ठिपका असतो. अंधूक छायाचित्रात हा ठिपका कागदावरच्या डागात मिसळतो, आणि एखादा डागही शून्य म्हणून वाचला जातो. त्यामुळे छायाचित्र मोठे करून पाहावे आणि अंक मोजून घ्यावेत. अंकच दिसत नसतील, तर नवे छायाचित्र मागावे; अंदाजाने शून्य जोडणे मला मुळीच मान्य नाही.

मूळ कागदावर लाख असतील, तर १,२५,००० या रकमेचे स्वल्पविराम हजारांच्या गटांनुसार हलवून अक्षरांत ‘एकशे पंचवीस हजार’ लिहावे, कारण अरबी मोजणीत लाख हे एकक नाही. रकमेपुढची `/-` ही खूण उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या मजकुरात भलत्या बाजूला जाऊ शकते. ती वगळून `لا غير` ने रक्कम बंद करावी.

सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे मूळ कागदावरच दोन्ही रकमांत तफावत असणे. ती तफावत जुळवून देण्याचा मोह होतो, पण तसे करणे म्हणजे दस्तऐवज बदलणे होय. भारताच्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार अशा वेळी अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते, आणि धनादेशांविषयीच्या १९३१ च्या जिनिव्हा एकरूप कायद्याच्या अनुच्छेद ९ मध्येही तोच नियम आहे. कोणती रक्कम खरी हे कायदा ठरवतो; अनुवादकाने दोन्ही जशाच्या तशा द्याव्यात आणि चौकोनी कंसात ‘मूळ कागदावर अक्षरी आणि अंकी रकमेत फरक आहे’ अशी नोंद अरबीत करावी. न वाचता येणाऱ्या जागी `[غير واضح]` लिहावे, आणि दुसरी रक्कम स्पष्ट असली तरी तिच्यावरून ती जागा भरू नये.