ओपन ऑफिसमध्ये दिवसभर हेडफोन? अंतर्मुखांनो, या चुका टाळा

गोंगाटाच्या ऑफिसात अंतर्मुख माणूस पहिला उपाय करतो तो हेडफोनचा. सकाळी चढवतो, संध्याकाळी उतरवतो. तरी डोकं जड ते जडच, वर ‘जरा शिष्टच आहे’ असं नाव पडतं ते वेगळंच.

डोकं जड का होतं? आवाज किती मोठा आहे यापेक्षा त्यातले शब्द कळतात का, यावर बरंच अवलंबून असतं. शेजारी कुणी फोनवर बोलत असेल तर आपल्याला एकच बाजू ऐकू येते आणि दुसरी बाजू मेंदू नकळत जुळवत बसतो. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन एसीची घरघर छान दाबतात, बोलणं तितकं दाबत नाहीत. घरघर गेली की तेच बोलणं कधीकधी उलट जास्त स्पष्ट ऐकू येतं. म्हणून पावसासारखा एकसुरी आवाज हळू लावा, शेजारचे शब्द कळेनासे होतील इतकाच. लिहिता-वाचताना गाणी मात्र नकोत. त्यातही शब्दच असतात.

आता शिष्टपणाचं. लोकांना तुमच्या हेडफोनचा राग नसतो. तुमच्याशी कधी बोललेलं चालेल हे त्यांना कळत नाही, खरी अडचण ती आहे. शेजारी बसलेला माणूस दोन वाक्यांसाठी मेसेज टाकू लागला, किंवा दर वेळी ‘डिस्टर्ब करू का?’ विचारू लागला, तर समजा की गोष्ट हाताबाहेर चालली आहे.

अशा वेळी सगळ्यांसाठी सतत उपलब्ध राहायला जाणं ही दुसरी चूक. त्यापेक्षा वेळ सांगून टाका: ‘दहा ते साडेअकरा मी रिपोर्टमध्ये असते, नंतर कधीही या.’ आणि साडेअकराला हेडफोन खरोखर काढून ठेवा, नाहीतर सांगितलेल्याला अर्थ राहत नाही.

तरी मधेच कुणी आलंच, समजा सव्वादहाला, तर स्क्रीनकडे बघत ‘हं, बोल’ म्हणू नका. माणसाच्या मनाला सगळ्यात जास्त तेच लागतं. हेडफोन पूर्ण उतरवा, त्याच्याकडे बघा आणि विचारा, ‘आत्ताच अडलंय, की साडेअकराला मी येऊ तुझ्याकडे?’ अडलं असेल तर लगेच सोडवा. नसेल तर ठरल्या वेळी तुम्ही स्वतः उठून त्याच्या टेबलाशी जा. यात तुमचा दुहेरी फायदा आहे. पुढाकार तुमचा दिसतो, आणि बोलणं संपवून परत निघणंही तुमच्या हातात राहतं. आपल्या खुर्चीशी आलेल्या माणसाला निरोप देणं फार अवघड जातं.

जेवणाची सुट्टी रोज एकट्याने काढू नका, रोज घोळक्यातही नको. एखाद्याच सहकाऱ्याबरोबर बसा, म्हणजे ओळखही वाढते आणि दमायलाही होत नाही.

तुमचं काम सतत फोन घेण्याचं किंवा टीमच्या अडचणी सोडवण्याचं असेल, तर असा सलग दीड तास मिळणार नाही. तेव्हा साहेबांकडे वेळेऐवजी जागा मागा: येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि प्रिंटरपासून लांब, पाठीशी भिंत असलेली.