'संदर्भ जुळत नाही' शेरा मारून पत्र परत येत असेल तर

मालमत्ता करातली क्षेत्रफळाची नोंद दुरुस्त होईना. पत्रावर 'तातडीचे' लिहिलं, मजकूर वाढवला, प्रती जोडल्या; शेरा तोच. वैताग आला.

'विषय : अर्जाबाबत' खोडून आधी ओळखक्रमांक, मग नोंद, शेवटी मागणी असा क्रम लावला:

विषय : मालमत्ता क्र. 418 – करनोंदीतील क्षेत्रफळ दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : 1) माझा अर्ज, आपला आवक क्र. 3306, दि. 03.05.2024
2) आपले पत्र, जावक क्र. कर/1157/2024, दि. 12.06.2024

आवक क्रमांक पोचेच्या शिक्क्यात असतो. नुसत्या तारखेवरून बारनिशीत, म्हणजे कार्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीत, शोधायचं तर त्या दिवसाची सगळी पानं चाळावी लागतात, आणि ते कोणी करत नाही. जावक क्रमांक तिरक्या रेघांसकट जसाच्या तसा उतरवायचा. त्यातल्या 'कर'वरूनच पत्र कोणत्या टेबलावर जायचं ते ठरतं. मजकुरात फक्त 'संदर्भ 2 नुसार' एवढंच. यावेळी पत्र थेट कर विभागात पोचलं.