पगारवाढीच्या पत्रातली टक्केवारी कशावर मोजली आहे?

पत्रात ठळक अक्षरांत दहा टक्के दिसले की आधी जोडलेला तक्ता उघडा आणि गेल्या वर्षीचा तक्ता शेजारी ठेवा. ही टक्केवारी बहुतेकदा सीटीसीवर असते, फिक्स्ड पगारावर नाही.

समजा सीटीसी 10 लाखांवरून 11 लाख झाला. पण फिक्स्ड 9 लाखांवरून 9 लाख 36 हजार आणि उरलेली वाढ व्हेरिएबलमध्ये. म्हणजे खात्रीची वाढ चारच टक्के, महिन्याला 3,000 रुपये. व्हेरिएबल पूर्ण मिळेलच असं नसतं, म्हणून मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती टक्के दिलं ते एचआरला ईमेलवर विचारा.

आता बेसिक बघा. तो 30,000 वरून 39,000 केला असेल, पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल आणि कंपनीचा हिस्साही फिक्स्डमध्येच धरला असेल, तर 12 टक्क्यांनी दोन्ही हिस्से प्रत्येकी 1,080 रुपयांनी वाढतात. 3,000 मधून 2,160 गेले. टॅक्सआधी हातात जास्तीचे 840. हे पैसे बुडत नाहीत, तुमच्याच पीएफ खात्यात जातात; पण गृहकर्जाचा हप्ता वाढवायचा बेत असेल तर हिशोब 840 चा धरा. पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच, म्हणजे 1,800 रुपये कापला जात असेल, तर हा फटका बसत नाही.

वाढ कोणत्या तारखेपासून लागू आहे तेही वाचा. एप्रिलपासून लागू आणि पत्र जुलैत आलं, तर मधल्या महिन्यांचा फरक पुढच्या पगारपत्रकात ‘एरियर्स’ म्हणून दिसला पाहिजे.