लॅपटॉपची बिजागरी आणि बॉडी: ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, प्लॅस्टिक बघताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

‘बिजागरी तुटली’ म्हणून दुरुस्तीला येणारे बरेचसे लॅपटॉप उघडले की पोलादी बिजागरी अगदी धडधाकट निघते. उखडलेली असते ती तिची जागा. बिजागरीचं पातं दोन-तीन बारीक स्क्रूंनी बसवतात. ते स्क्रू प्लॅस्टिकच्या छोट्या खुंटांत तापवून रुतवलेल्या पितळी नटांमध्ये जातात. हे नट भोवतालच्या प्लॅस्टिकसकट निघून येतात. त्यामुळे ‘कोणता लॅपटॉप टिकेल’ हे ठरवताना बाहेरचं आवरण कशाचं आहे यापेक्षा बिजागरी नेमकी कशात स्क्रू केली आहे, हे बघावं लागतं. पुढच्या बहुतेक चुका हे न पाहिल्यामुळे होतात.

‘मेटल बॉडी’ या दोन शब्दांवर भरवसा ठेवणं

लॅपटॉपच्या बॉडीचे चार भाग असतात: झाकणाची पाठ, स्क्रीनभोवतीची चौकट, कीबोर्ड आणि मनगटं टेकतात तो पामरेस्ट मिळून होणारा वरचा भाग, आणि तळ. जाहिरातीतलं ‘मेटल’ अनेकदा पहिल्या भागापुरतंच असतं, कारण दिसतो तो आणि हात लागतो तोही त्यालाच. पण बिजागरीचं खालचं पातं बसतं पामरेस्टच्या भागाला आतून, आणि तो भाग प्लॅस्टिकचा असू शकतो. झाकणातसुद्धा पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला आतून प्लॅस्टिकची चौकट चिकटवून तिच्यात नट बसवलेले असतात. अशा झाकणात पत्रा शाबूत राहतो आणि आतली चौकट पत्र्यापासून सुटते.

म्हणून विकत घेण्याआधी त्या मॉडेलचं मेंटेनन्स मॅन्युअल शोधा. मोठ्या कंपन्या व्यावसायिक मालिकांसाठी ते खुलं ठेवतात. त्यात पामरेस्ट काढतानाचं चित्र बघा. बिजागरीचे स्क्रू एका धातूच्या सांगाड्यात किंवा रुंद पोलादी पट्टीत जाताना दिसले तर वरचं आवरण प्लॅस्टिकचं असलं तरी हरकत नाही. जाड प्लॅस्टिक आणि आत धातूचा सांगाडा ही जोडी नुसत्या पातळ ॲल्युमिनियमच्या झाकणापेक्षा जास्त वर्षं निभावते, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘मिल-एसटीडी-८१०’ या अमेरिकी लष्करी मानकाचं लेबल इथे फारसं कामाला येत नाही. त्या मानकात धक्का, कंपन, तापमान, दमटपणा, धूळ अशा चाचण्या आहेत. झाकण हजारो वेळा उघडून-मिटून बघणं ही कंपनीची स्वतःची वेगळी चाचणी असते.

तिन्ही पदार्थ एकाच मापानं मोजणं

प्लॅस्टिक म्हणजे इथे बहुधा पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांचं मिश्रण. ते लवतं आणि परत जागेवर येतं, त्यामुळे कोपऱ्यावर पडलं तरी बरेचदा निभावतं. त्याचं दुखणं वेगळं आहे. सतत ताण असला की ते हळूहळू सरकतं, आणि उष्णता मिळाली की जास्त. गरम हवेची जाळी पुष्कळ लॅपटॉपमध्ये बिजागरीच्या शेजारीच असते. म्हणजे ज्या खुंटांवर सगळ्यात जास्त ओढ येते तेच सगळ्यात जास्त तापतात. काही वर्षांनी नटाभोवती पांढरट रेषा दिसू लागतात. तिथून तडा जायला वेळ लागत नाही.

ॲल्युमिनियमची घनता प्लॅस्टिकच्या दुपटीहून जास्त, साधारण २.७ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, पण ताठपणा कित्येक पटींनी अधिक. अख्ख्या ठोकळ्यातून कोरलेल्या बॉडीत स्क्रूचे आटे थेट धातूत असतात, आणि तिथे नट उखडण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. पण ॲल्युमिनियम वाकलं की वाकलेलंच राहतं. बिजागरीजवळचा कोपरा आपटून आत गेला तर दोन्ही बिजागऱ्यांची अक्षरेषा एक राहत नाही. मग प्रत्येक उघड-मिटीला त्या एकमेकींविरुद्ध ओढतात. तो कोपरा पक्कडीनं सरळ करायचा मोह आवरा. परत परत वाकवलेला पत्रा तिथेच चिरतो, आणि त्याला लागून स्क्रीनची काच असते.

मॅग्नेशियम मिश्रधातूची घनता साधारण १.८, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन-तृतीयांश. त्यामुळे त्याच वजनात भिंत जाड करता येते, आणि ताठपणात जाडी फार महत्त्वाची असते. ‘एझेड९१’ या नेहमीच्या मिश्रधातूत सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का जस्त असतं. त्याचे भाग साच्यात ओतून करतात, त्यामुळे आतल्या फासळ्या आणि खुंट एकसंध येतात. बिजागरीसाठी हा पाया उत्तम. मात्र जोराचा आघात झाला तर तो वाकण्याऐवजी चिरतो. वरचा रंग उडाला आणि तिथे घाम किंवा ओल पोचली तर करडी-पांढरी भुकटी धरते. पोलादी स्क्रूजवळ हे आणखी वेगानं होतं, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल असली की मॅग्नेशियमच झिजतं. पुष्कळजण रंगवलेलं मॅग्नेशियम दिसलं की त्याला प्लॅस्टिक समजतात. हाताला गार लागतं, ही साधी खूण.

‘कट्’ असा आवाज येऊनही उघडझाप चालू ठेवणं

आत काय होतं ते आकड्यांत बघू. १५.६ इंची स्क्रीनचा वरचा काठ बिजागरीच्या अक्षापासून साधारण २२ सेंटीमीटरवर असतो, आणि पात्याचा लांबचा स्क्रू २ सेंटीमीटरवर. म्हणजे काठावर १ किलोचा जोर लावला तर स्क्रूजवळ साधारण ११ किलोची ओढ जाते. दोन्ही बाजूंनी सारखं उघडलं तर ती विभागली जाते. एका कोपऱ्याला धरून उघडलं तर बहुतेक सगळी त्या बाजूच्या खुंटांवर येते.

त्यात बिजागरी घट्ट होत जाते. तिच्यातलं ग्रीस वाळतं, धूळ बसते, आणि तोच कोन गाठायला हाताला जास्त जोर लागतो. पूर्वी स्क्रीन एका बोटानं उघडत असे आणि आता तळ सोबत उचलला जातो, तर धोक्याची पहिली खूण मिळाली. दुसरी खूण म्हणजे बिजागरीच्या कोपऱ्यात चौकटीची किंवा पामरेस्टची फट. तिसरी म्हणजे तो आवाज, आणि तोवर एखादा नट सुटलेला असतो. या टप्प्यावर झाकण उघडंच ठेवावं, कारण मिटताना पात्याचं पुढचं टोक नटाला पामरेस्टपासून खाली खेचतं. उरलेले नटही मग त्याच वाटेनं जातात, आणि शेवटी स्क्रीनची केबल चिमटते.

एक फसवी बाब. फट बिजागरीच्या कोपऱ्यात नसून टचपॅडजवळ किंवा पामरेस्टच्या मध्यावर असेल, टचपॅड वर आलं असेल, तर बॅटरी फुगली आहे. ती दाबून फट बंद करू नका. चार्जिंग थांबवा आणि बॅटरी बदला.

तेल, सुपरग्लू आणि नवा पामरेस्ट

घट्ट बिजागरीत स्प्रेचं तेल मारणं ही पहिली हमखास चूक. बिजागरी घर्षणावरच उभी असते. तेल आत गेलं तर स्क्रीन जागेवर ठरत नाही, आणि बाहेर पाझरलेलं तेल ताणाखालच्या प्लॅस्टिकला तडे पाडू शकतं. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचं थ्रेडलॉकर द्रव पॉलिकार्बोनेट-एबीएसवर तर आणखी वाईट. धातूत धातू असेल तिथेच ते वापरावं.

सुपरग्लू पातळ असतो. तो नटाच्या आट्यांत आणि बिजागरीच्या नळीत शिरतो, आणि वाळला की ठिसूळ होतो. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच आवाज.

पण सगळ्यात महागाची चूक म्हणजे नवा पामरेस्ट घालून जुनी घट्ट बिजागरी तशीच बसवणं. मूळ कारण जागेवरच राहिलं, तर नवे खुंटही त्याच रस्त्यानं जाणार.

एक उदाहरण पूर्ण करू

झाकण ॲल्युमिनियमचं, पामरेस्ट प्लॅस्टिकचा, वापर चार वर्षांचा. उजव्या कोपऱ्यात फट. तळ काढून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. उजवीकडच्या तीन नटांपैकी दोन सुटे, पण प्लॅस्टिकचा पत्रा आरपार फुटलेला नाही, म्हणजे दुरुस्ती शक्य आहे. मग दोन्ही बिजागऱ्या बेसपासून सोडवून पाती हातानं फिरवून बघितली. डावं पातं सहज फिरतं, उजवं दात-ओठ खाऊन. निदान इथेच झालं.

उजव्या बिजागरीच्या दांड्याच्या टोकाला नट होता. त्याच्या जागी मार्करनं खूण करून तो एकाष्टमांश फेरा सैल केला, फिरवून पाहिलं, मग तेवढाच आणखी. दोन्ही बाजू सारख्या लागेपर्यंतच. टोकाला नट नसलेल्या, पट्टी गुंडाळलेल्या प्रकारात ही सोय नसते, तिथे बिजागरीच बदलावी.

मग जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून सँडपेपरनं खरखरीत केली. पितळी नट पात्याला स्क्रूनं लावले, स्क्रूच्या आट्यांना ग्रीसचा हलका हात दिला म्हणजे ते चिकटत नाहीत, आणि पातं मूळ जागी ठेवून नटांभोवती दोन भागांचा सावकाश घट्ट होणारा एपॉक्सी भरला. पाच मिनिटांचा प्रकार इथे कमजोर पडतो. नटांच्या बाजूला थोडा पसरू दिला, पण तळाच्या झाकणाला लागणार नाही इतकाच. पूर्ण २४ तास हात लावला नाही. शेवटी स्क्रू बोटाच्या जोरानं घट्ट केले. जास्त पिळले की नट जागीच फिरतो आणि सगळं काम वाया जातं. स्क्रू काढताना कुठला कुठून आला ते कागदावर टेपनं चिकटवून ठेवलं होतं, कारण एखादा मिलिमीटर लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तो पामरेस्ट वरून फोडतो.

पत्रा आरपार फुटला असता तर पामरेस्ट बदलणं किंवा आरपार भोक पाडून बारीक बोल्ट टाकणं, हे दोनच मार्ग होते. बोल्टची टोकं वरून दिसतात, पण ती जोडणी उखडत नाही.

हेच काम मॅग्नेशियमच्या बॉडीत करताना मात्र सँडपेपर किंवा ड्रिल लावू नका. त्याची बारीक भुकटी पेट घेते, आणि पेटली तर पाण्यानं विझत नाही, उलट भडकते. तिथे चिरलेला भाग बदलणंच योग्य.