पार्टली पेड शेअर विकताना कंपनीचं लिएन आडवं येतं तेव्हा: या चुका टाळा

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतला एखादा भागधारक बाहेर पडायचं ठरवतो, भाचा किंवा जुना मित्र शेअर घ्यायला तयार होतो, पैसेही ठरतात. मग कंपनी सांगते की या शेअरवर आमचं लिएन, म्हणजे थकलेल्या पैशांच्या वसुलीसाठीचा हक्क, आहे, ट्रान्सफर होणार नाही. विकणाऱ्याला वाटतं ही दादागिरी आहे. संचालकांना वाटतं आता शेअर आमचेच. बहुतेक वेळा दोघंही चुकतात.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, पुण्याजवळच्या एका छोट्या कंपनीत एका गृहस्थांचे १०० रुपयांचे २,००० शेअर आहेत. त्यांनी शेअरमागे ६० रुपये भरलेत, म्हणजे शेअर पार्टली पेड, पूर्ण पैसे न भरलेले. बोर्डाने शेअरमागे आणखी २० रुपयांचा कॉल, म्हणजे पैसे भरण्याची मागणी, काढला; एकूण ४०,००० रुपये. मुदत गेली, पैसे आले नाहीत. उरलेले २० रुपये कंपनीने अजून मागितलेलेच नाहीत. शिवाय याच गृहस्थांनी कंपनीकडून उधारीवर माल घेतला होता आणि त्याचे ७०,००० रुपये देण्याची तारीखही उलटली आहे.

आर्टिकल्स न उघडता भांडायला बसणं

लिएन कुठून येतं हे आधी पाहा. ते कंपनीच्या आर्टिकल्समधून, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमावलीतून येतं. कंपनी कायदा २०१३ च्या पहिल्या अनुसूचीतला तक्ता एफ हा आर्टिकल्सचा नमुना बहुतेक छोट्या कंपन्या जसाच्या तसा उचलतात. त्यात लिएन फक्त पूर्ण न भरलेल्या शेअरवर आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग त्याच शेअरवर मागितलेल्या, किंवा ठरलेल्या तारखेला द्यायच्या पैशांसाठी. दुसरा भाग त्या माणसाकडून कंपनीला आत्ता येणं असलेल्या कोणत्याही रकमेसाठी, पण शेअर एकट्याच्या नावावर असतील तरच.

हा 'एकट्याच्या नावावर' शब्दप्रयोग भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. आपल्या उदाहरणात शेअर एकट्याच्या नावावर असतील, तर कॉलचे ४०,००० आणि मालाचे ७०,००० या दोन्हींसाठी लिएन लागू होतं. तेच शेअर नवराबायकोच्या संयुक्त नावावर असते, तर मालाची उधारी या कलमाखाली आलीच नसती. आणि जे २० रुपये अजून मागितलेलेच नाहीत, त्यांच्यासाठी लिएन नाही.

मात्र काही खासगी कंपन्यांनी आपल्या आर्टिकल्समध्ये पूर्ण भरलेल्या शेअरवरही लिएन घेतलेलं असतं. म्हणून 'तक्ता एफ असं म्हणतो' या एका वाक्यावर कोणालाही सल्ला देऊ नका. आधी त्या कंपनीच्या आर्टिकल्सची प्रत मागवा.

लिएन म्हणजे मालकी समजणं

ही चूक संचालकांची, आणि सगळ्यात महागात पडणारी. लिएन म्हणजे वसुलीची हमी. तिच्या जोरावर शेअर विकता येतात, पण पैसे देण्याची वेळ झालेली असली पाहिजे, किती रक्कम येणं आहे हे सांगून ती मागणारी लेखी नोटीस गेली पाहिजे आणि त्यानंतर १४ दिवस उलटले पाहिजेत. पंधरवडा थांबायचा कंटाळा म्हणून आठव्या दिवशी विक्रीचा ठराव करणारे बोर्ड असतात. अशा विक्रीवर सभासदाला हरकत घ्यायला जागा मिळते. शेअर घेणाऱ्याचं नाव रजिस्टरला एकदा लागलं की तक्ता एफनुसार प्रक्रियेतल्या गफलतीने त्याचा हक्क बिघडत नाही, पण कंपनीला जुन्या सभासदाला तोंड द्यावंच लागतं.

आता हिशोब. कॉलच्या रकमेवर तक्ता एफ वर्षाला १० टक्के, किंवा बोर्ड ठरवेल त्याहून कमी, व्याज घेऊ देतो. समजा ७३ दिवस उलटले, तर ४०,००० वर ८०० रुपये होतात. नोटिशीची मुदत संपली आणि शेअर प्रत्येकी ९० रुपयांना गेले, म्हणजे १,८०,००० मिळाले. त्यातून ४०,०००, ८०० आणि ७०,००० वजा केल्यावर ६९,२०० रुपये उरतात. हे पैसे त्या गृहस्थांचे. ते कंपनीच्या खात्यात 'दंड' म्हणून टाकता येत नाहीत. नवीन मालकाकडे प्रत्येकी ८० रुपये भरलेले शेअर जातात आणि पुढचे २० मागितले की ते त्याने द्यायचे.

इथे जप्तीशी गल्लत होते. कॉल थकला तर शेअर जप्त करण्याचा वेगळा मार्ग आहे. त्यातही आधी १४ दिवसांची नोटीस लागते, पण जप्तीनंतर आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. मालाच्या उधारीसाठी मात्र शेअर जप्त करता येत नाहीत. नोटिशीत एका परिच्छेदात 'लिएनखाली विक्री' आणि दुसऱ्यात 'जप्ती' असं लिहिलेलं दिसलं, तर मसुदा करणाऱ्याने दोन्ही कलमं न वाचताच चिकटवलीत असं समजा.

ट्रान्सफर फॉर्म टाकून गप्प बसणं

कागदी शेअर असतील तर ट्रान्सफरचा एसएच-४ फॉर्म सही झाल्यापासून ६० दिवसांत कंपनीकडे पोचला पाहिजे. त्या फॉर्ममध्ये शेअरमागे किती मागितले आणि किती भरले हे दोन वेगळे रकाने आहेत. तिथे दोन्हीकडे '१००' लिहून देणारे लोक पुढच्या भांडणाचं बी तिथेच पेरतात. आपल्या उदाहरणात मागितलेले ८० आणि भरलेले ६०, असंच लिहायचं.

अर्ज फक्त विकणाऱ्याने केला आणि शेअर पार्टली पेड असतील, तर कंपनीने घेणाऱ्याला एसएच-५ नमुन्यात नोटीस पाठवलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून दोन आठवड्यांत त्याने हरकत घेतली नाही तरच नोंद करता येते. कारण सोपं आहे. उद्याचा कॉल त्याच्या गळ्यात पडणार आहे, तेव्हा त्याला न विचारता नाव चढवायला कायदा तयार नाही. ही नोटीस विसरलेली प्रकरणं बरीच सापडतात, आणि अचानक कॉलची मागणी आली की घेणारा म्हणतो, 'मी कधी हो म्हटलं होतं?'

बोर्डाला नकार देता येतो. तक्ता एफप्रमाणे पार्टली पेड शेअर पसंत नसलेल्या माणसाला जात असतील तर, आणि लिएन असलेल्या शेअरची कोणतीही ट्रान्सफर असेल तर. पण खासगी कंपनीने फॉर्म मिळाल्यापासून ३० दिवसांत, कारणांसह, दोघांनाही कळवायचं असतं. कळवलं तर घेणाऱ्याला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, अपील करता येतं. काहीच उत्तर आलं नाही, तर फॉर्म दिल्यापासून ६० दिवसांत. म्हणून फॉर्म दिल्याची पोच घ्या आणि ती जपून ठेवा, कारण ती तारीखच पुढे कामाला येते. 'बघतो, कळवतो' या फोनवरच्या उत्तरात हे ६० दिवस सहज निघून जातात.

विकले म्हणजे सुटलो, असं मानणं

ट्रान्सफर नोंदली गेल्यावरही विकणारा लगेच पूर्ण मोकळा होत नाही. वर्षभराच्या आत कंपनी दिवाळखोरीत निघून गुंडाळण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि आत्ताच्या सभासदांकडून पैसे पुरले नाहीत, तर शेअरवरच्या न भरलेल्या रकमेपर्यंत जुन्या सभासदाकडेही हात जाऊ शकतो. तोही फक्त तो सभासद असतानाच्या कर्जांसाठी. आपल्या गृहस्थांनी कॉलचे ४०,००० आधी भरून मगच शेअर विकले, तर हा धोका शेअरमागे ४० वरून २० रुपयांवर येतो आणि कॉलपुरतं लिएनही उतरतं. मालाचे ७०,००० मात्र त्यांना वेगळे चुकते करावे लागतील, आणि 'लिएन राहिलेलं नाही' असं कंपनीकडून लेखी मिळाल्यावरच एसएच-४ वर सही करावी.