साप विषारी की बिनविषारी? नेटवरची माहिती तपासताना या चुका टाळा

पावसाळा लागला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक चित्र हमखास फिरतं. डोकं त्रिकोणी आणि डोळ्याची बाहुली उभी असेल तर साप विषारी, डोकं निमुळतं आणि बाहुली गोल असेल तर बिनविषारी. ही माहिती साफ खोटी असती तर एवढी टिकली नसती. अमेरिकेतले बहुतेक विषारी साप रॅटलस्नेकच्या कुळातले, म्हणजे आपल्या चापड्याचे नातलग, आणि त्यांना हा नियम बराचसा लागू पडतो. तिथलाही कोरल स्नेक त्यात बसत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नियम पटला की तिथेच थांबणं. आपल्याला पक्के माहीत असलेले साप घ्या आणि एकेकाला त्या नियमात बसवून पाहा. घोणस आणि फुरसं बसतात. पण नाग आणि मण्यार? दोघांचं डोकं मानेपासून फारसं वेगळं दिसत नाही, बाहुली गोल. मण्यारीचा डोळा तर इतका काळाभोर की बाहुली ओळखूच येत नाही. चित्राप्रमाणे हे दोन्ही जीवघेणे साप बिनविषारी ठरतात! उलट अजगराची बाहुली उभी, पण त्याला विष नाही. मांजऱ्याचीही उभी; त्याचं विष सौम्य, माणसाला त्यापासून धोका नसतो. नियम बाद व्हायला एवढं पुरे.

दुसरी चूक, तीच गोष्ट दहा ठिकाणी दिसली म्हणून खरी मानणं. मजकुरातलं एक पूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. शब्दन् शब्द तोच आला तर त्या दहा साक्षी नव्हेत, एकाच मजकुराच्या नकला आहेत. मग त्यातला सर्वांत जुना, लेखकाचं नाव असलेला मजकूर गाठा आणि तो कुठल्या देशातल्या सापांबद्दल आहे ते बघा. फोटोसाठी गूगल लेन्स वापरा; मूळ फोटो कुठला, हे पुष्कळदा तिथेच कळतं.

शोध घेताना नुसत्या मराठी नावावर विसंबू नका, कारण सापांची नावं गावागणिक बदलतात. मण्यारीसाठी `Bungarus caeruleus` असं शास्त्रीय नाव टाका. तो साप गोव्यात आढळतो का, हे `indiabiodiversity.org` किंवा `inaturalist.org` वरच्या नोंदींतून कळेल. मात्र तिथला `Research Grade` हा शिक्का ओळख पटल्याचा आहे, विषाचा नव्हे. विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेची विषारी सापांची माहिती पाहा.

ही सारी तपासणी घरी निवांत बसून करायची. साप चावल्यावर बाहुली बघायला वाकू नका, सापाला मारू किंवा पकडू नका. चावलेला हात-पाय हलवू न देता 108 ला फोन करा. मण्यारीच्या दंशाला सूज-वेदना नसल्यात जमा असतात, त्यामुळे दुखत नाही म्हणून घरी थांबू नका.